तक्षशिला ते स्वात : गांधार शिल्पांच्या मागावर

शाळेच्या इतिहासात गांधार शैलीला एक ओळ मिळायची : ग्रीक आणि भारतीय कलेचा संगम. सोबत कुरळ्या केसांचा, सरळ नाकाचा, चुणीदार वस्त्र पांघरलेला बुद्ध. ती ओळ वाचून असं वाटायचं की सिकंदराबरोबर आलेल्या कुणा ग्रीक मूर्तिकारानं इथे राहून बुद्ध घडवला असेल. पण सालं मांडून बघितली की हे जुळत नाही. सिकंदर आला इ.स.पू. 326 मध्ये आणि लगेच परतला. बॅक्ट्रियातले ग्रीक राजे हिंदुकुश ओलांडून इकडे आले ते इ.स.पू. 180 च्या सुमारास, आणि इसवी सन सुरू होईपर्यंत त्यांची सत्ता संपलीही होती. मागून शक आले, पार्थियन आले, मग कुशाण. आपण ज्याला गांधार शिल्प म्हणतो ते भरभरून घडलं कुशाणांच्या काळात, पहिल्या ते तिसऱ्या शतकात. म्हणजे ग्रीक गेल्यावर. मग हे ग्रीक वळण आलं कुठून?

हा प्रश्न घेऊन दादा आणि मी निघालो. दादा भूगर्भशास्त्रज्ञ, कॅनडात असतो; मी इंग्लंडमध्ये. दोघांचे पासपोर्ट परदेशी असले तरी जन्मगाव पुणे, त्यामुळे व्हिसाला वेळ लागला, पण मिळाला. ऑक्टोबर संपता संपता इस्लामाबादला भेटलो. हवा उत्तम होती, पहाटे स्वेटर, दुपारी टोपी.

मंगळवार : सिरकप

इस्लामाबादहून तक्षशिला तासाभराच्या आत येते. तक्षशिला म्हणजे एकच जागा नव्हे. दरीभर विखुरलेली शहरं, स्तूप, विहार. जॉन मार्शलनं इथे 1913 पासून वीसेक वर्षं उत्खनन केलं. आम्ही उन्हं तापायच्या आत सिरकप गाठलं.

सिरकप हे इंडो-ग्रीकांनी इ.स.पू. दुसऱ्या शतकात वसवलेलं शहर. मधून एक सरळसोट मुख्य रस्ता, त्याला काटकोनात मिळणाऱ्या गल्ल्या. आज जे पाये दिसतात ते बहुतेक नंतरच्या शक-पार्थियन काळातल्या घरांचे, पण शहराची आखणी तीच राहिली. रस्त्याच्या कडेला एका स्तूपाचा चौथरा आहे. वरचा घुमट केव्हाच गेला, पण चौथऱ्याचा दर्शनी भाग शाबूत आहे. त्याच्यासमोर आम्ही बराच वेळ बसून होतो.

मधे पायऱ्या. दोन्ही बाजूंना भिंतीतून जरासे पुढे आलेले अर्धस्तंभ, त्यांच्या माथ्यावर पानांची कोरिंथियन नक्षी. दोन स्तंभांच्या मधल्या जागेत एकेक कोनाडा. पायऱ्यांलगतचा कोनाडा ग्रीक देवळासारखा, वर त्रिकोणी शिखर. त्याच्या पुढचा चैत्यकमानीचा, भाजे-कार्ल्याला दिसतो तसा. त्याच्याही पुढचा सांचीच्या तोरणासारखा. कमानीवर पक्षी बसलेत, एकावर दोन डोक्यांचा गरुड. पहिल्या शतकातल्या या भिंतीवर तीन प्रकारची दारं शेजारी शेजारी आहेत, आणि त्यात कुठेही बुद्ध नाही.

दादा म्हणाला, "हे बघ, कुणी कुणात मिसळलेलं नाही अजून. एका रांगेत उभे केलेत फक्त."

मला ते पटलं. गवंड्याला तिन्ही तऱ्हा येत होत्या आणि गिऱ्हाइकाला तिन्ही हव्या होत्या. जे स्तूप बांधत होते त्यांना ग्रीक खांब परका वाटत नव्हता. त्यांच्या शहरात तो दोन शतकं उभाच होता. स्तूप मात्र स्तूपच राहिला.

मग संग्रहालय. सिरकपच्या घरांतून निघालेल्या, वीतभर किंवा त्याहूनही लहान अशा दगडी तबकड्या तिथे मांडल्या आहेत. शृंगाराच्या तबकड्या म्हणून त्या ओळखल्या जातात. त्यांवर पेला हातात घेतलेली जोडपी आहेत, समुद्रराक्षसाच्या पाठीवर बसलेल्या जलकन्या आहेत. विषय ग्रीक आणि वस्तू घरातल्या, धर्माशी त्यांचा संबंध दिसत नाही. याच शहरात चांदीवर ठोकून उठवलेला, हातात मद्याचा पेला घेतलेला डायोनिससही सापडला. म्हणजे ग्रीक आकार आधी घरात, ताटात-वाटीत आले. स्तूपाच्या पायऱ्यांवर आणि भिंतींवर द्राक्षवेली, समुद्रराक्षस आणि माळा वाहणारी पंखवाली मुलं चढली ती त्यानंतर. बुद्धाची मूर्ती आली त्याच्याही मागून.

संग्रहालयाबाहेरच्या रस्त्यावर दगड घडवणाऱ्यांची दुकानं आहेत. खलबत्ते, पाटे, कबरीचे दगड आणि बुद्धाच्या प्रतिकृती. एका कारागिराशी दादानं दगडावरून गप्पा सुरू केल्या आणि चहा आला.

"चेहरा जमतो," तो म्हणाला, "मुश्कील आहे ती चादर." बुद्धाच्या अंगावरच्या वस्त्राला, संघाटीला, तो चादर म्हणत होता. त्यानं खडूनं पाटीवर काढून दाखवलं : जुन्या मूर्तीत सगळ्या चुण्या डाव्या खांद्यावरून निघतात, छातीवरून खाली झुकतात आणि उजव्या बाजूला वर चढत जातात. चुणीखाली गुडघा कुठे आहे तेही कळतं. नवशिका एकसारख्या रेघा ओढतो. कापडाला खांदा राहत नाही, गुडघाही नाही.

नकली मूर्ती कशी ओळखायची, तेही त्यानेच सांगितलं. खरी मूर्ती पडते तेव्हा पुढे आलेले भाग आधी जातात : नाक, हात, गुडघे. विकण्यासाठी जुनी केलेली मूर्ती फुटते ती बेतानं, चेहऱ्याचं देखणेपण राखून. फुटीच्या आत बघायचं. बाहेरचा दगड काळपट आणि फुटीच्या आत ताजी करडी चकाकी असेल तर रंग वरून चढवलेला आहे. खोल कोरलेल्या खाचेत शतकांची माती दगडासारखी घट्ट बसते. नकलीत ती नखानं निघते.

(जाणाऱ्यांसाठी : "पुरानी चीज है" म्हणून कुणी काही दाखवलं तर हातही लावू नका. पाकिस्तानात पुरावस्तू देशाबाहेर नेणं हा गुन्हा आहे. प्रतिकृती घ्या, पावती घ्या आणि ती सामानात वरच ठेवा. दिवसभरासाठी गाडी ठरवलेली बरी, कारण दोन स्थळांच्या मधे रिक्षा मिळेलच असं नाही.)

दुपारनंतर टेकडी चढून जौलियाँचा विहार बघितला. इथली शिल्पं दगडाची नाहीत. चांगला शिस्ट दगड तक्षशिलेत मिळत नाही, तो स्वातकडून आणावा लागे. म्हणून इथे सच्छिद्र चुनखडीचा ओबडधोबड गाभा करून त्यावर चुनेगच्चीत मूर्ती घडवल्या. मुख्य स्तूपाभोवती छोट्या स्तूपांची दाटी आहे आणि त्यांच्या बैठकींवर एकावर एक बुद्धांच्या रांगा. एका मूर्तीच्या बेंबीच्या जागी गोल भोक आहे. आजारी माणसानं त्यात बोट घालून प्रार्थना करायची, अशी ती मूर्ती. तिच्याखाली दात्याचं नाव खरोष्ठी लिपीत कोरलं आहे : बुद्धमित्र. पाचव्या शतकात हा विहार जळला. त्या आगीत कच्च्या मातीच्या मूर्ती भाजून पक्क्या झाल्या, म्हणून त्यांतल्या काही टिकल्या.

बुधवार : पेशावर

मोटरवेनं पेशावर गाठलं. शहरात शिरताच धूर, हॉर्न आणि भट्टीतल्या नानचा वास. संग्रहालय ब्रिटिश काळातल्या लाल विटांच्या इमारतीत आहे, आणि गांधार शिल्पांचा इतका मोठा संग्रह जगात फार थोड्या ठिकाणी असेल.

दालनात शिरलो तशी एक वयस्कर परिचर पुढे आले. "बाजी, उर्दूसारखं वाचा," ते म्हणाले. "उजवीकडून डावीकडे."

त्याचं कारण प्रदक्षिणेत आहे. ही लांबट शिल्पपट्टी मुळात स्तूपाच्या गोल भिंतीला वेढून बसवलेली असे. प्रदक्षिणेत स्तूप आपल्या उजव्या हाताला राहतो. भिंतीकडे तोंड केलं की आपली चाल डावीकडे होते, म्हणून कथा उजवीकडून सुरू होते : मायादेवीचं स्वप्न, मग जन्म, मग ऋषींचं भविष्यकथन. डावीकडून बघत गेलं तर मूल आधी जन्मतं आणि स्वप्न मागून पडतं. जगातल्या कितीतरी संग्रहालयांत हे तुकडे सुटे, वाटेल त्या क्रमानं लावले आहेत, त्यामुळे ही गोष्ट कुणाच्या लक्षातच येत नाही.

आता या पट्टीची रचना बघा. प्रत्येक प्रसंग वेगळ्या चौकटीत असतो आणि दोन चौकटींच्या मधे छोटा कोरिंथियन अर्धस्तंभ. एका चौकटीत एकच क्षण. काही रोमन शवपेट्यांवर कथा अशाच कोरलेल्या असतात. सांची-भारहुतची रीत निराळी : तिथे एकाच चौकटीत तोच माणूस दोन-तीनदा येतो आणि काळ पुढे सरकतो. गांधारातल्या मूर्तिकारानं बुद्धचरित्रासाठी पहिली रीत उचलली. पण दीपंकर जातकाची शिळा आली की तो दुसऱ्या रीतीकडे वळतो.

ती शिळा जवळून बघण्यासारखी आहे. मधे दीपंकर, गौतमाच्या फार आधीचा बुद्ध, उभा, सगळ्यांपेक्षा उंच. एका बाजूला सुमती नावाचा तरुण फुलवालीकडून कमळं विकत घेतोय. तोच तरुण पुन्हा, हात वर करून ती कमळं बुद्धावर उधळतोय. उधळलेली फुलं खाली पडली नाहीत, बुद्धाच्या डोक्याभोवती हवेत थांबली आहेत. तोच तिसऱ्यांदा बुद्धाच्या पायांशी आडवा पडलाय, चिखलात त्याचे पाय मळू नयेत म्हणून आपले लांब केस पसरून. आणि तोच चौथ्यांदा वर, हवेत, हात जोडून. पुढे एका जन्मी तू बुद्ध होशील हे भविष्य त्यानं ऐकलं आहे. वस्त्रांच्या चुण्या रोमन, बाजूचा खांब रोमन, पण एकच माणूस चार वेळा दाखवणारी गोष्ट सांगायची तऱ्हा सांचीची. संगम म्हणतात तो मला या शिळेत दिसला, कारण इथे मूर्तिकारानं प्रसंगाला काय लागतं ते बघून निवड केली आहे.

बुद्धाच्या बाजूला दाढीवाला, उघड्या अंगाचा, पिळदार दंडांचा एक पुरुष बऱ्याच शिळांत दिसतो. शरीर हेराक्लीसचं, पण हातात गदा नाही, वज्र आहे. तो वज्रपाणी, बुद्धाचा रक्षक. भारतीय कथेत पात्र होतं पण त्याचं ठरलेलं रूप नव्हतं. रक्षक दाखवायचा तर कारागिरापाशी बलदंड पुरुषाचा एक तयार साचा होता, तो त्यानं वापरला. हारिती ही लेकुरवाळी देवी, तिच्या हातात कधी ग्रीक भाग्यदेवतेचं फळांनी भरलेलं शिंग येतं. बुद्धाच्या अंगावरचं कापड रोमन तऱ्हेचं, पण आसन, मुद्रा, भुवयांमधली ऊर्णा आणि लांबलेले कान हे सगळं इथलं. उसनं घेतलं ते बाहेरचं अंग. कोण काय करतो ते बौद्ध ग्रंथांनी ठरवलेलं होतं.

दादाचा सगळा वेळ मूर्तींच्या कडेला उभं राहून जात होता. समोरून भरदार दिसणारी मूर्ती बाजूनं बघितली तर पातळ असते, आणि पाठ सपाट, घडाई न केलेली. "शिस्ट पापुद्र्यांचा दगड आहे," तो म्हणाला. "पापुद्र्यांना समांतर लादी काढायची आणि तोंडावर कोरायचं. मऊ आहे, म्हणून चुण्या खोल जातात. पण हात पुढे काढलास की पापुद्रा सुटणार."

म्हणून पुढे आलेला हात वेगळा घडवून खुंटीनं बसवत. कितीतरी बुद्धांच्या मनगटापाशी चौकोनी भोक दिसतं. मला आधी ती मोडतोड वाटली होती. ती सांध्याची जागा आहे. काही मूर्तींच्या खाचांत सोन्याचा मुलामा अजून चिकटलेला आहे. आपण ज्याला करडं, गंभीर सौंदर्य म्हणतो ते मुळात सोनेरी आणि रंगीत होतं.

आणि मग ती पेटी. कनिष्काची अस्थिमंजूषा, सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची डबी. पेशावरच्या वेशीबाहेर शाहजी-की-ढेरी इथे कनिष्काचा प्रचंड स्तूप होता. 1908-09 मध्ये डेव्हिड स्पूनरनं तो खणला तेव्हा ती मिळाली. आत स्फटिकाच्या कुपीत हाडाचे तीन तुकडे होते, ते ब्रह्मदेशात मंडालेला पाठवले गेले. झाकणावर बुद्ध, दोन्ही बाजूंना इंद्र आणि ब्रह्मा. झाकणाच्या कडेनं उडणाऱ्या हंसांची रांग. खालच्या भागावर माळ वाहणारी ग्रीक मुलं, आणि त्या माळेत लांब अंगरखा आणि बूट घातलेला कुशाण राजा, शेजारी इराणी सूर्य-चंद्र. एवढ्याशा डबीवर तीन संस्कृतींचे देव आहेत.

तिच्यावरच्या खरोष्ठी लेखात सुरुवातीला 'अगिसल' असं नाव वाचलं गेलं. अगिसल म्हणजे अजेसिलाओस, कनिष्काच्या विहाराचा ग्रीक शिल्पी. पुस्तकापुस्तकांतून तो फिरला, कारण सगळे ज्याच्या शोधात होते तो ग्रीक कलावंत नावानिशी सापडला होता. पुढे पेटी साफ करून अक्षरं नीट वाचली तेव्हा तो शब्द अग्निशाळेचा निघाला, आणि माणसं निघाली महासेन आणि संघरक्षित, त्या अग्निशाळेच्या बांधकामावरचे देखरेखदार. ग्रीक शिल्पी उरलाच नाही.

संध्याकाळी किस्साख्वानी बाजारात वेलदोडा घातलेला हिरवा कहवा घेत बसलो असताना मला कार्ल्याची आठवण झाली. कार्ल्याच्या चैत्यातल्या कितीतरी खांबांवर दात्यांची नावं आहेत, आणि त्यात धेनुकाकट गावचे यवन, म्हणजे त्या काळच्या भाषेत ग्रीक, आहेत. 'सिहधय' नावाच्या यवनाचा खांब तर स्पष्ट वाचता येतो. नाशिकच्या लेण्यांतही उत्तरेकडून आलेल्या इंद्राग्निदत्त या योनकाचं, म्हणजे यवनाचंच, दान कोरलेलं आहे. यवन म्हणजे प्रत्येक वेळी रक्तानं ग्रीकच असेल असं नाही, पण ते स्वतःला यवन म्हणवत होते. आणि त्यांनी दिलेल्या खांबांत ग्रीक काय आहे? काहीही नाही. घट, घंटेच्या आकाराचं शीर्ष, वर हत्ती. शेजारच्या खांबासारखाच खांब. आपल्याकडे यवन दाते आहेत आणि शैली देशी आहे. गांधारात शैली ग्रीक वळणाची आहे आणि दात्यांची नावं बुद्धमित्र, संघरक्षित. म्हणजे माणसाच्या वंशावरून शैली ठरत नव्हती. त्या गावात कोणते कारागीर काम करत होते आणि त्यांच्यापाशी कोणते नमुने होते, यावरून ठरत होती.

नमुने कसे पोचले, याचा पुरावा काबूलच्या उत्तरेला बेग्राममध्ये मिळाला. कुशाण काळातल्या दोन चिणून बंद केलेल्या खोल्या फ्रेंचांनी 1930 च्या दशकात उघडल्या. आत रोमन जगातली काच, काशाचे पुतळे, भारतीय हस्तिदंत, आणि ग्रीक चांदीकामाचे प्लास्टरचे ठसे. ठसा हलका, स्वस्त. त्यावरून कुणीही, कुठेही पुन्हा तोच आकार काढू शकतो. भडोचसारख्या बंदरांतून आणि रेशमाच्या वाटेनं हा माल कुशाणांच्या मुलखात येत होता. कुशाण स्वतः मध्य आशियातून आलेले, त्यांची बॅक्ट्रियन भाषा ते ग्रीक अक्षरांत लिहीत. कनिष्काच्या नाण्यांवर इराणी देव आहेत, शिव आहे आणि एका नाण्यावर उभा बुद्ध, बाजूला ग्रीक लिपीत त्याचं नाव. ग्रीक गेले तरी ग्रीक नमुने येणं थांबलं नव्हतं, आणि आता विहारांकडे ते दगडात उतरवायला पैसा होता.

गुरुवार : तख्त-इ-बाही

मर्दानच्या पुढे तख्त-इ-बाही गाव. इथला चपली कबाब सगळ्या मुलखात नावाजलेला. मोठ्या काळ्या तव्यावर तळहाताएवढे कबाब, त्यात अनारदाणा आणि धण्याची भरड. मांस न खाणाऱ्यांनी घाबरू नये. डाळ, भाजी आणि गरम नान सगळीकडे मिळतात.

विहार टेकडीच्या कडेवर आहे. पायऱ्या बऱ्याच, सावली कमी, म्हणून सकाळीच चढा, पाणी बरोबर घ्या. परदेशी लोक म्हणून आमच्यासोबत एक पोलीस शिपाई दिला होता. तरुण पोरगा, जवळच्याच गावचा. पाचवीत सहलीला आला होता म्हणे, त्यानंतर आज.

संग्रहालयात जे कळत नाही ते इथे कळतं : मूर्ती कुठे उभ्या असत. वरच्या चौकात मुख्य स्तूपाचा चौथरा आणि त्याच्या तिन्ही बाजूंना देवळ्या. खालच्या चौकात लहान स्तूप इतके दाटीनं की मधून आडवं होऊन जावं लागतं, आणि त्यांच्याभोवती पुन्हा उंच देवळ्यांची रांग. दाते येत गेले तशी रिकामी जागा भरत गेली. सुरुवातीला मूर्ती म्हणजे स्तूपाच्या भिंतीवरच्या गोष्टीतलं एक पात्र होती, फिरत फिरत वाचायची. देवळीत आल्यावर ती एकटी झाली, समोर उभं राहून बघायची, पूजायची. प्रसंगच उरला नाही तेव्हा चौकट, अर्धस्तंभ, बाजूची माणसं यांचं काम संपलं. नंतरच्या काळातल्या मूर्ती सरळ समोर बघणाऱ्या आणि प्रचंड होत गेल्या, त्याचं कारण मला या चौकात उभं राहून पटलं.

भिंतीची चिणाईही बघा. मोठे दगड रांगेत आणि त्यांच्या मधल्या फटी पातळ चिपांनी भरलेल्या. "चुना नाही, तरी हललं नाही," दादानं हात फिरवत म्हटलं. शिपाई पोरानं विचारलं, "हे सगळं कुणी बांधलं? सिकंदरानं?" दादानं त्याला तिथेच बसवून सांगितलं की नाही, इथल्याच लोकांनी. त्याला ते फार आवडलं. उतरताना त्यानं भावाला फोन लावला आणि पश्तूत तेच सांगत होता, एवढं मला समजलं.

शुक्रवार-शनिवार : स्वात

नव्या रस्त्यानं डोंगर ओलांडून स्वातमध्ये उतरलो आणि रंगच बदलले. नदी, पॉपलरची पिवळी झाडं, आणि जपानी फळांनी, म्हणजे पर्सिमननी, लगडलेल्या नारिंगी बागा. (शुक्रवारी दुपारच्या नमाजाच्या वेळी बहुतेक ठिकाणं बंद असतात, तो वेळ प्रवासात घालवा.)

बारीकोटला थांबलो. इटालियन पुरातत्त्वज्ञ स्वातमध्ये 1950 च्या दशकापासून काम करताहेत, आणि बारीकोटला इंडो-ग्रीक काळातली तटबंदी त्यांनी उघडी केली आहे. 2021 च्या अखेरीस तिथे एक गजपृष्ठाकार बौद्ध मंदिर सापडल्याचं जाहीर झालं, इ.स.पू. दुसऱ्या शतकातलं. मागची बाजू अर्धगोल, म्हणजे आपल्या चैत्यगृहांचाच तळआकार. ग्रीक राजवटीतलं शहर आणि त्यात अगदी भारतीय घडणीचं बौद्ध मंदिर. याच खोऱ्यात थिओडोरस नावाच्या ग्रीक अधिकाऱ्यानं शाक्यमुनीच्या अस्थी स्थापल्या होत्या. त्याचं दानपात्र मिळालं आहे : साधं दगडी भांडं, त्यावर खरोष्ठी लेख, चित्र एकही नाही. ग्रीक माणूस बौद्ध झाला तेव्हा त्यानं ग्रीक मूर्ती मागितली नाही.

शनिवारी पाऊस लागला. सैदू शरीफच्या संग्रहालयात वीज आली-गेली, पण मोठ्या खिडकीचा उजेड पुरेसा होता. इथे बुटकाऱ्याच्या स्तूपाची शिल्पं आहेत, हिरवट शिस्टमधली. त्यांतली सर्वांत जुनी पहिल्या शतकाच्या आसपासची. पेशावरहून आलेल्या डोळ्यांना धक्का बसतो. चेहरे सपाट, डोळे मोठे, अंग समोरून मांडलेलं, आणि कापडाच्या चुण्या म्हणजे नुसत्या कोरलेल्या समांतर रेघा. एका शिळेवर इंद्र आणि ब्रह्मा हात जोडून बुद्धाला धर्म सांगण्याची विनंती करताहेत. मधे बसलेला बुद्ध पुष्ट, रुंद छातीचा, मथुरेच्या मूर्तींचा भाऊ शोभेल असा. त्याच दालनात पुढच्या पिढ्यांचं काम ठेवलं आहे, तिथे रेघांचं कापड होतं, कापडाखाली गुडघा येतो, मान वळते.

म्हणजे क्रम उलटा निघाला. आम्ही समजत होतो की आधी अस्सल ग्रीक असेल आणि काळ जाईल तसं ते देशी होत गेलं असेल. इथे आधीचं काम देशी वळणाचं आहे, आणि रोमन जगाशी व्यापार, कुशाणांचा पैसा आणि कारागिरांचे नमुने जसजसे वाढले तसतसं ते ग्रीक दिसायला लागलं. दादा दोन शिळांच्या मधे उभा राहून आळीपाळीनं बघत होता. "एकाच खाणीचा दगड वाटतो," तो म्हणाला, "हात तेवढा बदलला." राखणदारानं आम्हाला जपानी फळं कापून दिली. पिकलेली, मधासारखी.

ज्यांना हा व्हिसा मिळणं कठीण आहे त्यांच्यासाठी : लाहोर संग्रहालयाची फाळणीनंतर वाटणी झाली, तेव्हा तिथल्या गांधार शिल्पांचा मोठा हिस्सा भारताकडे आला. तो आज चंदीगडच्या सरकारी संग्रहालयात आहे. कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये गांधारातल्याच लोरियन टंगाई या स्थळाची शिल्पं आहेत. तिथे गेलात तर पट्टीच्या उजव्या टोकापासून सुरुवात करा, मूर्ती बाजूनंही बघा, मनगटाचं चौकोनी भोक शोधा. चुण्या डाव्या खांद्यापासून बोटानं हवेत गिरवत खाली या. खालचा गुडघा सापडला की मूर्तिकारापाशी चांगला नमुना होता असं समजा, आणि नुसत्या रेघा दिसल्या तर जास्त वेळ थांबा, ती शिळा कदाचित सगळ्यांत जुनी असेल.